बादलीत हात, तोंडात शिवी

मे महिन्यातली रात्र, पावणेबारा वाजले होते आणि आमच्या मानेवाड्यातली लाईन गेली. कूलर गचके खात थांबला. मी पाणी प्यायला उठलो, अंधारात दोन पावलं टाकली आणि डाव्या पायाची करंगळी दिवाणाच्या लोखंडी पायावर आपटली. ही वेदना ज्याला माहीत नाही असा माणूस नागपुरात तरी नसेल. आधी एक क्षण काहीच होत नाही, मग सगळा जीव त्या करंगळीत गोळा होतो.

माझ्या तोंडून शिवी निघाली. साधीसुधी नाही, आईवरून जाणारी, पूर्ण लांबीची. आणि आतल्या खोलीतून आईचा शांत आवाज आला, "बापावर गेला."

करंगळी दहा मिनिटांत शांत झाली. ते वाक्य झालं नाही.

सांगायला हवं की मी शिव्या देत नाही. म्हणजे ऑफिसमध्ये 'फक' म्हणतो, पण मिहानमधल्या कुठल्याही कंपनीत ते स्वल्पविरामासारखं वापरलं जातं, त्याला कोणी शिवी समजत नाही. मराठी आणि हिंदी शिव्या मी ठरवून सोडल्या होत्या, नववीत असताना. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या तोंडात शिवी सकाळच्या चहापासून असायची. स्कूटर सुरू झाली नाही की स्कूटरला, भाजीत मीठ कमी पडलं की आईला, गणितात पंचेचाळीस मिळाले की मला. हात कधी उचलला नाही त्यांनी, हे ते आजही सांगतात. पण जेवताना ताटावरून नजर न उचलता जेवायची सवय मला आणि ताईला तेव्हाच लागली. म्हणून आईचं ते वाक्य करंगळीपेक्षा जास्त लागलं.

त्या रात्री झोप आलीच नाही, तर मी वाचत बसलो. शिवी दिल्यावर खरंच बरं वाटलं होतं का, की तो फक्त भास? यावर चक्क प्रयोग झालेले आहेत. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली तो पहिला शोधनिबंध छापला, आणि 2010 मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं! आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात.

प्रयोगाची रचना मला एक इंजिनिअर म्हणून फार आवडली, कारण ती स्वस्त आणि स्वच्छ आहे. लोकांना विचारलं, अंगठ्यावर हातोडी बसली तर तुमच्या तोंडून कोणते पाच शब्द निघतील? त्या यादीतली पहिली शिवी घ्यायची. मग विचारलं, टेबलाचं वर्णन करायला पाच शब्द सांगा. त्यातला त्याच क्रमांकाचा शब्द घ्यायचा. मग हात पाच अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवायचा आणि सहन होईल तोवर ठेवायचा. एकदा शिवी म्हणत, एकदा टेबलाचा शब्द म्हणत. दोन्ही वेळा आवाज सारखा, वेग सारखा. ओरडायचं नाही. म्हणजे दोन्ही फेऱ्यांमध्ये तोंड चालतंय, श्वास चालतोय, फक्त शब्द बदललाय. शिवी म्हणणाऱ्या फेरीत लोकांनी हात सरासरी सुमारे 40 सेकंद जास्त ठेवला, वेदना कमी जाणवल्याचं सांगितलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले.

ठोके वाढले ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. शिवी माणसाला शांत करते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती शरीराला भडकवते. एखादा प्राणी अंगावर आला तर शरीर लढायच्या तयारीला लागतं, आणि त्या तयारीचा एक भाग म्हणून वेदना थोडी मागे ढकलली जाते. शिवी बहुधा त्याच व्यवस्थेला खोटी हाक मारते. बहुधा म्हणतो, कारण यंत्रणा नक्की कोणती यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

सकाळी ताईला हे सांगितलं. ती वर्ध्याला शाळेत शिकवते, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला घेऊन आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे. पण लागलं तुला, लावलं दिवाणानं. मधात आई कोणाची आली बे? दिवाणाला आई असते का?"

मी म्हटलं, शब्दाचा अर्थ तेव्हा कोणाच्या डोक्यात नसतो.

"मग दुसरा शब्द घे ना. स्वतःचा तयार कर. टमरेल म्हण."

गंमत म्हणजे हाही प्रयोग झालेला आहे. 2020 साली स्टीफन्स आणि ऑली रॉबर्टसन यांनी दोन नव्या इंग्रजी 'शिव्या' बनवल्या, 'फाउच' आणि 'ट्विझपाइप'. दोन्ही ऐकायला शिवीसारख्या, दुसरी तर बरीच विनोदी. लोकांनी त्या म्हणत हात बर्फाच्या पाण्यात ठेवला. वेदनेवर काही परिणाम नाही. खऱ्या शिवीने मात्र वेदना सुरू व्हायला आणि असह्य व्हायला लागणारा वेळ जवळपास एक तृतीयांशाने वाढला. म्हणजे नुसतं लक्ष दुसरीकडे वळणं पुरत नाही, हसू येणंही पुरत नाही, कडक उच्चारही पुरत नाही. शब्द निषिद्ध असावा लागतो. आणि तो निषेध एका दिवसात बनत नाही, तो लहानपणी अंगात मुरतो. त्या शब्दावरून कोणीतरी आपल्याला फटका मारलेला असतो, किंवा तो शब्द ऐकून घरातलं कोणीतरी गप्प झालेलं असतं.

तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवरचा 2003 चा एक अभ्यास आहे. त्यात त्वचेवरचा सूक्ष्म घाम मोजला, जो भावना उसळली की वाढतो. निषिद्ध शब्दांना दोन्ही भाषांत प्रतिसाद मिळाला, पण मातृभाषेत जास्त. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो लहानपणी ऐकलेल्या दटावण्यांमध्ये. 'लाज नाही वाटत?' हे आपल्या भाषेतच लागतं. माझं ऑफिसातलं 'फक' का पोचट आहे ते मला तिथे कळलं. ते म्हटल्याबद्दल मला कोणी कधी रागावलंच नव्हतं.

"आपण करून पाहू," ताई म्हणाली. सुट्टीतल्या शिक्षकाला आवरणं कठीण असतं.

नागपुरात मे महिन्यात पाच अंशाचं पाणी मिळवणं हाच मुळात मोठा प्रकल्प. नळाचं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं. चौकातल्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची अर्धी लादी आणली, गोणपाटात घालून फोडली, आंघोळीच्या बादलीत टाकली. ताईच्या केक करायच्या थर्मामीटरवर पाणी सहा अंशांच्या आसपास स्थिरावलं. पहिली चूक लगेच कळली. हात स्थिर ठेवला की हाताभोवतीचं पाणी थोडं कोमट होतं आणि हाताला उबदार कवच मिळतं. म्हणून दुसऱ्याने पळीने पाणी सतत ढवळत राहायचं. दुसरी चूक मी करणार होतो ती ताईने पकडली. आधी सगळ्यांची टेबलाची फेरी आणि नंतर सगळ्यांची शिवीची, असं केलं तर दुसऱ्या वेळी हात सरावल्यामुळे वेळ वाढेल आणि श्रेय शिवीला जाईल. म्हणून प्रत्येकाचा क्रम नाणं उडवून ठरवला. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास, आणि प्रत्येक फेरीआधी तीन मिनिटं हात साध्या पाण्यात, म्हणजे सुरुवात सारखी. तीन मिनिटं झाली की हात काढायचाच, हा नियम. या बर्फाच्या पाण्याने रक्तदाब चढतो, डॉक्टरांनी ही चाचणी मुळात रक्तदाबासाठीच काढली होती, तेव्हा हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असलेल्यांनी हा खेळ करू नये. आमच्या घरात सगळ्यांचं बीपी आधी मोजलं.

माझं टेबल 1 मिनिट 12 सेकंद. (माझा शब्द होता 'चौकोनी'.) 'फक' 1 मिनिट 17. दिवाणावर काढलेली ती शिवी, 1 मिनिट 49. पहिल्या वीस सेकंदांत ती म्हणायला विचित्र वाटते, स्वयंपाकघरात आई आहे म्हणून आवाज खाली जातो. मग वेदना हाडात शिरते आणि शब्द आपला आपण चालू लागतो. ताईचं 1:35 आणि 2:06. तिने कोणता शब्द घेतला ते मी लिहिणार नाही, ती शिक्षिका आहे.

हे काही विज्ञान नव्हे. दोन माणसं, एक बादली, आणि निकाल काय यायला हवा हे दोघांनाही ठाऊक. खऱ्या प्रयोगातही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण आपण शिवी देतोय हे देणाऱ्यापासून लपवता येत नाही.

तेवढ्यात बाबा आले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आहेत त्यांना, बरेच निवळले आहेत. "काय चाललं आहे बे तुमचं? लहान पोरं हाय का?" असं म्हणत त्यांनी बाही वर केलीच. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक नाही. मी चौथीत असताना प्रेसमध्ये गेलं. त्या दिवशी त्यांना घरी आणणारे काका नंतर कितीतरी वेळा सांगायचे की, "तुह्या बापानं आवाज नाही काढला." दिवसभर शिव्या देणारा माणूस, बोट तुटलं तेव्हा गप्प.

बाबांचं टेबल 2 मिनिटं 31 सेकंद. शिवी 2:34.

फरकच नाही. त्यांना वाटलं ते जिंकले. मला मात्र 2011 चा अभ्यास आठवला. स्टीफन्स आणि क्लॉडिया उमलँड यांनी लोकांना विचारलं होतं, तुम्ही रोज किती शिव्या देता? जितक्या रोज जास्त, तितका बर्फाच्या पाण्यात शिवीचा उपयोग कमी. औषध रोज घेतलं की अंगाला लागत नाही, तसं. बाबांनी आपलं सगळं औषध मिठाच्या भाजीवर आणि माझ्या गणितावर संपवलं होतं. प्रेसमध्ये बोट गेलं तेव्हा त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, असं मला क्षणभर वाटलं. ही माझी कल्पना आहे. धक्क्यात माणूस गप्पही होतो.

"अरे, राग काढून टाकावा माणसानं," बाबा हात पुसत म्हणाले. "पोटात ठेवला की सडते. मी बोलून मोकळा व्हायचो. तुम्हाले वाईट वाटे, पण माह्या मनात काही नाही राहायचं."

हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय, आणि ते खोटं आहे हे मला सिद्ध करता येत नव्हतं. आता निदान त्याच्या शेजारी ठेवायला काहीतरी आहे. अमेरिकेत ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली 600 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. प्रत्येकाने एक निबंध लिहायचा. मग त्यावर दुसऱ्या कोणाचा म्हणून एक अपमानकारक शेरा परत यायचा, इतका वाईट निबंध क्वचितच वाचला, अशा अर्थाचा. (ज्यांनी कोड रिव्ह्यूमध्ये असा शेरा खाल्लाय त्यांना तो राग समजावून सांगायला नको.) चिडलेल्या लोकांचे तीन गट केले. एकाने शेरा देणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले. दुसऱ्याने व्यायाम म्हणून मारले. तिसरा नुसता दोन मिनिटं बसून राहिला. शेवटी सगळ्यात जास्त चिडलेले आणि समोरच्याला त्रास द्यायला सगळ्यात तयार असलेले कोण होते? ज्यांनी त्याचा विचार करत ठोसे मारले ते. सगळ्यात शांत होते ते नुसते बसलेले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या होतात, ज्या मी आजवर एकच समजत होतो. करंगळी आपटल्यावरची शिवी आणि भाजीवरून दिलेली शिवी यांचे शब्द तेच, ठोके वाढतात तेही तसेच. पण वेदनेत ती उसळी ढाल होते आणि काही क्षणांत वेदनेबरोबरच ओसरते. रागात तीच उसळी इंधन होते, कारण समोर माणूस असतो, तो ताटाकडे पाहत बसलेला असतो, आणि आपण पुन्हा त्याच्याकडे पाहतो. बाबा मोकळे होत होते असं त्यांना वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी त्याच भाजीवर पुन्हा तेच.

हे मी त्यांना असंच्या असं बोललो नाही. मी म्हटलं, "बाबा, मारबतीला काय ओरडता तुम्ही?"

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून मारबत निघते. काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. कागद, बांबू, कापडाच्या या प्रचंड बाया, काळी ही इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई भोसलेंची, असं सांगतात. सोबत बडगे असतात, त्या वर्षी ज्याचा राग असेल त्याचे पुतळे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, शेजारी देशाचा, खड्ड्यांचा. आणि हजारो लोक घसा फाटेस्तोवर ओरडतात की रोगराई, ईडा-पिडा घेऊन जा गे मारबत! गर्दीत शुद्ध शिव्याही चालतात, कोणाला त्याचं काही नसतं. शेवटी सगळं जाळतात आणि लोक घरी जाऊन जेवतात. बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे. मला तिथल्या ओरडण्याची कधीच भीती वाटली नाही, हे आता लक्षात येतंय. तेच बाबा, तोच आवाज. पण तो कागदाच्या बाईवर होता, वर्षातून एक दिवस, आणि ती संध्याकाळपर्यंत राख होणार होती.

"ते वेगळं," बाबा म्हणाले.

"हाव, तेच तर म्हणतो मी."

बाबा काही बोलले नाहीत. ताई पाणी ढवळत होती, बर्फ अर्धा वितळला होता.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने मोबाइलवर बोरीच्या बाराचं रील पाहिलेलं आहे. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका काठावर जमतात आणि हलग्यांच्या तालावर एकमेकींना हातवारे करून मनसोक्त शिव्या देतात. ते रील आई महिनाभर सगळ्यांना दाखवत होती. तेव्हा मला ते फक्त मजेशीर वाटलं होतं.

"माझाही हात घ्या," ती म्हणाली.

नाणं उडवलं. आधी टेबल आलं. तिचा शब्द 'लाकडी'. 58 सेकंद, आमच्यात सगळ्यात कमी. अर्धा तास ती पोळ्या लाटत होती. मग येऊन पाटावर बसली, पदर खोचला, हात पाण्यात घातला. शिवी कोणती ते तिने आधी सांगितलं नव्हतं. मी तिच्या तोंडून आयुष्यात शिवी ऐकलेली नाही.

"मुडदा बशिवला," ती म्हणाली. सावकाश, एका लयीत, नियमाप्रमाणे आवाज न चढवता. "मुडदा बशिवला. मुडदा बशिवला." नजर बादलीत. पहिलं मिनिट गेलं तेव्हा ताई हसत होती. दीड मिनिटाला हसणं थांबलं. दोन मिनिटांना बाबा खुर्चीवरून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आईचा हात लालभडक झाला होता, ओठ पांढरे, पण लय सुटली नाही. मी घड्याळ बघत होतो आणि पळी ताईच्या हातात थांबली होती, म्हणजे शेवटच्या मिनिटाचा आकडा तसाही बाद धरायला हवा.

"तीन मिनिटं झाली. आई, काढ."

"थांब. होते अजून."

ताईने तिचा हात धरून बाहेर काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला. गॅलरीतून बाबांचा आवाज आला, मागे न वळता. "कोणाले म्हणत होती ते?"

आई टॉवेलमध्ये बोटं उघडमीट करून पाहत होती.

"दिवाणाले," ती म्हणाली, आणि तवा तापलाय का ते बघायला आत गेली.